गावच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेचं अंदाजपत्रक: आयोजकांचे नेहमीचे प्रश्न

कोकणात भातकापणी उरकून शेतं मोकळी झाली की वाडीवाडीत क्रिकेट स्पर्धांचे बॅनर लागतात. दुसरा हंगाम मे महिन्यात, चाकरमानी गावी आले की. मंडळाचा खजिनदार म्हणून माझ्याकडे शेजारच्या गावांतली पोरं जे प्रश्न घेऊन येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: १६ संघ, बाद पद्धत, शनिवार-रविवार असे दोन दिवस, सहा षटकांचे सामने आणि आठ षटकांचा अंतिम सामना. दर नमुन्यादाखल धरले आहेत. तुमच्याकडचे वेगळे असतील, ते घालून आकडे पुन्हा मांडा.

बजेट करायला बसलो तर सुरुवात कुठून करायची? पहिलं बक्षीस किती ठेवायचं, इथूनच ना?

बहुतेक मंडळं तिथूनच करतात आणि तिथेच फसतात. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, "शेजारच्या गावाने एकवीस ठेवलं, आपण पंचवीस ठेवू," टाळ्या पडतात आणि बॅनर छापायला जातो. मग त्या आकड्यापर्यंत पोचायला पैसे कुठून आणायचे याची धावाधाव सुरू होते.

सुरुवात सामन्यांच्या संख्येपासून करा. बाद पद्धतीत प्रत्येक सामन्यात एक संघ बाहेर जातो आणि शेवटी एक उरतो, म्हणून जितके संघ, त्याहून एक कमी सामना. १६ संघांचे १५ सामने. सहा षटकांच्या एका सामन्याला नाणेफेक आणि डाव बदलण्याचा वेळ धरून साधारण ६५ मिनिटं लागतात. टेनिसच्या स्पर्धेत षटकाला चार मिनिटं पुरतील असं वाटतं, पण बॉल शेजारच्या शेतात गेला की दोन मिनिटं तिथेच जातात.

सकाळी साडेआठला पहिला बॉल पडला तर आठ सामने संध्याकाळी पाचच्या पुढेमागे संपतात. डिसेंबर-जानेवारीत सहा वाजता अंधारून येतं, त्यामुळे दिवसाला आठ सामने हीच वरची मर्यादा. पहिल्या दिवशी पहिली फेरी, दुसऱ्या दिवशी चार उपांत्यपूर्व, दोन उपांत्य आणि अंतिम, म्हणजे सात. दोन दिवसांत नीट बसतं. भाडं, पंच, साऊंड, जेवण हे सगळं दिवसावर चालतं, म्हणून दिवस ठरल्याशिवाय पुढचा एकही आकडा मांडता येत नाही.

२० संघ घेतले तर चार संघांची फी जास्त येईल. मग १६ वर का थांबायचं?

२० संघांचे १९ सामने होतात. दोन दिवसांत जास्तीत जास्त १६ बसतात, म्हणजे तिसरा दिवस लागला. त्या एका दिवसाचा खर्च बघा: मैदान २,०००, तीन पंच ३,६००, गुणलेखक ८००, समालोचक १,५००, मंडपाचा वाढीव दिवस २,०००, साऊंड २,५००, जेवण-चहा-पाणी २,४००. झाले १४,८००. चार संघांची फी २,५०० प्रमाणे येते १०,०००. म्हणजे चार संघ वाढवून तुम्ही जवळपास पाच हजार घालवलेत, शिवाय सोमवारी मैदानावर माणूस मिळत नाही ते वेगळंच.

तिसरा दिवस काढायचाच असेल तर तो पूर्ण भरा, २४ संघांपर्यंत जा. २३ सामने तीन दिवसांत बसतात. अर्धा रिकामा दिवस सगळ्यांत महाग.

साखळी पद्धत ठेवली तर प्रत्येक संघाला निदान तीन सामने मिळतील. संघांनाही ते आवडतं.

आवडतं, खरं आहे. पण चार-चारचे चार गट केले की गटातच २४ सामने होतात, मग दोन उपांत्य आणि अंतिम, म्हणजे २७. साडेतीन दिवस. लांबून टेम्पो करून येणारा संघ साखळीसाठी तीन दिवस थांबत नाही, आणि दोन सामने हरलेला संघ तिसऱ्याला येतच नाही. गावातल्या वाड्यांपुरती सहा-आठ संघांची स्पर्धा असेल तर साखळी जरूर ठेवा.

मैदान ओळखीच्या माणसाचं शेत आहे. भाडं घेणार नाही म्हणतो. मग त्या रकान्यात शून्य लिहू?

शून्य लिहू नका. भाडं नसलं तरी मैदान तयार करण्याचा खर्च असतोच, आणि तो बऱ्याचदा भाड्यापेक्षा जास्त निघतो. कापणीनंतर शेतात भाताचे खुंट राहतात, बांध आडवे येतात, जमिनीला भेगा असतात. खेळपट्टीवर लाल माती पसरायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, सुकू द्यायची आणि पुन्हा फिरवायचा. हे किमान चार दिवस आधी सुरू झालं पाहिजे. आदल्या दिवशी पाणी मारलेली खेळपट्टी सकाळच्या पहिल्या दोन सामन्यांत ओली राहते आणि बॉल टप्पा पडून वर येतच नाही. पहिल्या सामन्यात हरलेला संघ मग खेळपट्टीवरून भांडतो, आणि त्याचं चुकत नाही. माती, रोलर, पाण्याचा टँकर, दोन गडी, सीमारेषेची फक्की आणि झेंड्या मिळून मी साडेपाच हजार धरतो.

शेत दुसऱ्याचं असेल तर बांध फोडायचा का, फोडला तर पुन्हा घालून कोण देणार, गुरांसाठी रचलेला पेंढा कुठे हलवायचा, हे आधीच बोलून घ्या. मोसम संपल्यावर बांधावरून जे वाद होतात त्यांची भरपाई कुठल्याच बजेटमध्ये नसते.

शाळेचं किंवा संस्थेचं मैदान असेल तर भाड्यासोबत अनामत मागतात. आपल्या उदाहरणात दोन दिवसांचं भाडं ४,००० आणि अनामत ५,००० धरली आहे. अनामत खर्चात धरू नका, ती परत येते. पण ती परत येईपर्यंत तेवढे पैसे अडकतात, म्हणून स्वतंत्र लिहून ठेवा. मैदान ताब्यात घेताना गोलपोस्ट, नळ, कुंपणाची जाळी यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आधीच मोडलेल्या नळाचे पैसे अनामतीतून कापले जातात, हे नेहमीचं आहे.

पंच गावातलेच उभे केले तर चालणार नाहीत का? मानधन वाचेल.

पैसे वाचतील, पण स्पर्धा अडचणीत येईल. टेनिस बॉलच्या बहुतेक स्पर्धांत पायचीत नसतोच, तरी भांडणं कमी होत नाहीत. ती होतात तीन गोष्टींवरून: कमरेवरचा नो बॉल, धावबाद आणि "हा बॉल फेकतो" हा आरोप. यातला प्रत्येक निर्णय गावच्या माणसाने यजमान संघाच्या बाजूने दिला, तर तो बरोबर असला तरी कुणी मान्य करत नाही. तालुक्यातून किंवा बाजूच्या तालुक्यातून पंच आणा. तिथे स्पर्धांना उभे राहणारे लोक सगळ्या संघांना माहीत असतात.

दोन नको, तीन पंच धरा. दोघं मैदानात आणि एक विश्रांतीला, आळीपाळीने. आठ सामने उन्हात सलग उभा राहिलेला माणूस दुपारी तीननंतर स्क्वेअर लेगला नुसता उभा असतो, बघत नसतो. दिवसाला १,२०० प्रमाणे तिघांचे दोन दिवसांचे ७,२००. येण्याजाण्याचं पेट्रोल यात आहे की वेगळं, हे फोनवरच ठरवा. मानधन रोजच्या रोज संध्याकाळी द्या. "अंतिम सामना झाला की एकदम देऊ" म्हणालात तर रविवारी सकाळी एक पंच हमखास दुसऱ्या स्पर्धेला गेलेला असतो.

गुणलेखकाचे दिवसाला ८०० धरले आहेत. आता बरेच जण क्रिकहिरोजवर मोबाइलमध्येच धावफलक भरतात, पण शेतात रेंज नसते, म्हणून कागदावरचा स्कोअर चालूच ठेवा. समालोचक १,५०० रुपये रोजाने. या खर्चावर मीटिंगमध्ये नेहमी कात्री लावायला निघतात. मी लावू देत नाही, कारण देणगीदाराचं नाव दिवसभर माइकवरून घेणारा माणूस तोच असतो.

बॉल किती लागतात?

प्रत्येक डावाला नवा बॉल म्हणजे सामन्याला दोन, १५ सामन्यांना ३०. फुटलेले आणि ओढ्यात गेलेले धरून ४८ घ्या. डझनाने घेतलेत तर दर बरा पडतो. ९० रुपयांप्रमाणे ४,३२०. सगळे एकाच खेपेचे घ्या. रविवारी दुसऱ्या दुकानातले आणले तर वजन वेगळं निघतं आणि गोलंदाज लगेच ओरडतात.

ट्रॉफ्यांवर किती खर्च करायचा?

मोठ्या ट्रॉफीचा सोस असतो. चार फुटी चषक फोटोत छान दिसतो, नंतर कपाटात मावत नाही म्हणून मंदिराच्या माळ्यावर जातो. विजेत्याला साडेतीन हजारांचा, उपविजेत्याला अडीच हजारांचा चषक गावपातळीवर भरपूर झाला. मालिकावीराची ट्रॉफी १,०००, उत्कृष्ट फलंदाज आणि गोलंदाज प्रत्येकी ७००.

खरा खर्च दिसत नाही तो सामनावीराचा. १२० रुपयांची छोटी ट्रॉफी क्षुल्लक वाटते, पण ती १५ वेळा द्यायची असते. तिथे १,८०० गेले. सगळं मिळून १०,२००. ट्रॉफीखालच्या पट्टीवरची नावं दुकानदाराला मोबाइलवर टाईप करूनच पाठवा आणि छापण्याआधी नमुना मागवा. देणगीदाराच्या आडनावात चूक झालेली ट्रॉफी मंचावर त्याच्याच हातून द्यायची वेळ आली की पुढच्या वर्षीची देणगी गेली समजा.

आणि एक रकाना कुणीच लिहीत नाही: शाल-श्रीफळ. उद्घाटनाला आणि बक्षीस समारंभाला येणारे पाहुणे, सरपंच, पोलीस पाटील, जागामालक, देणगीदार. १२ सत्कार, १५० प्रमाणे १,८००. ऐनवेळी आणखी चौघं येतातच, म्हणून नारळ जास्तीचे ठेवा. उरले तर घरी लागतात.

मग एकूण खर्च किती आला?

| बाब | रुपये |
|---|---|
| मैदान भाडं, दोन दिवस | ४,००० |
| खेळपट्टी आणि मैदान तयारी | ५,५०० |
| बॉल | ४,३२० |
| पंच | ७,२०० |
| गुणलेखक | १,६०० |
| समालोचक | ३,००० |
| मंडप, खुर्च्या, टेबलं | ७,००० |
| साऊंड | ५,००० |
| बॅनर, पावती पुस्तक, नियमपत्रक | ३,००० |
| ट्रॉफ्या | १०,२०० |
| जेवण, चहा, पाण्याचे जार | ४,८०० |
| प्रथमोपचार | ८०० |
| सत्कार | १,८०० |
| बेरीज | ५८,२२० |
| किरकोळ आणि ऐनवेळचा, सुमारे दहा टक्के | ५,८०० |
| एकूण | ६४,०२० |

तोंडाने बोलताना ६४ हजार धरू. बक्षिसाची रोख रक्कम यात मुद्दाम घेतलेली नाही. ती शेवटी ठरते.

दहा टक्के किरकोळ म्हणून ठेवलेली रक्कम "वाचली तर वाचली" म्हणून आधीच बक्षिसात टाकू नका. तुटलेली खुर्ची, साऊंडवाल्याची वाढीव वायर, दुपारी संपलेलं पाणी, अंतिम सामन्याच्या दिवशी जागेवर मागवलेला टेम्पो, अशा गोष्टींत ती जाते.

प्रवेश फी किती ठेवावी?

६४ हजारांना १६ ने भागलं तर एका संघामागे ४,००० खर्च येतो. तेवढी फी लावली तर बक्षीस सोडून स्पर्धा फीवरच उभी राहील, पण संघ येणार नाहीत. संघ फीकडे दोन बाजूंनी बघतो. एक म्हणजे डोक्यामागे किती. २,५०० रुपये बारा जणांत वाटले तर माणशी दोनशेच्या थोडे वर, वर टेम्पोभाडं आणि नाश्ता. गावातल्या पोराला तेवढं परवडतं. ४,००० झाले की तीनशेच्या वर जातं आणि मग कर्णधार म्हणतो, "बघतो, कळवतो." दुसरं म्हणजे पहिलं बक्षीस फीच्या किती पट आहे. पाच-सहा पट असेल तर संघ सहज नाव नोंदवतात, तीन पटीवर नोंदवत नाहीत. म्हणून आपण फी २,५०० ठेवली, १६ संघांचे ४०,०००.

वसुली दोन टप्प्यांत करा. नाव नोंदवताना १,००० आगाऊ, उरलेले १,५०० लॉट्स पाडायच्या आधी. ज्याचे पूर्ण पैसे आले नाहीत त्याची चिठ्ठी डब्यात टाकायची नाही. "मैदानावर आल्यावर देतो" म्हणणारा संघ पहिल्या सामन्यात हरला की पैसे न देताच टेम्पोत बसतो, आणि तुम्ही त्याला अडवणार कसे?

यात एक अडचण आधीच ओळखून ठेवा. देणग्या आणि उरलेली फी हातात येण्याआधीच मैदान भाडं, अनामत, खेळपट्टी, ट्रॉफ्या, बॅनर आणि बॉल यांचे मिळून ३२ हजार रुपये हातातून गेलेले असतात, आणि तोवर आगाऊ फीतून जमतात फक्त १६ हजार. मधले १६ हजार कुणाच्या खिशातून जाणार, हे ठरवून कागदावर लिहा. बहुतेक वेळा ते खजिनदाराच्याच खिशातून जातात आणि परत मिळायला होळी उजाडते.

यजमान गावाच्या संघाला फी माफ करावी का?

नाही. माफ करायचीच असेल तर मंडळाने ती देणगी म्हणून दाखवून जमेला धरावी. नाहीतर हिशोबात १६ संघ आणि १५ पावत्या दिसतात आणि त्याचा खुलासा कुणालाच पटत नाही.

आता बक्षीस. किती जाहीर करायचं?

आपल्या उदाहरणाचा पूर्ण हिशोब मांडू. फीचे ४०,०००. देणगीदारांनी शब्द दिलेत ६०,००० चे, पण बॅनर छापायला देण्याच्या दिवशी प्रत्यक्ष हातात आलेत ४५,०००. वडापाव आणि सरबताचे दोन स्टॉल, प्रत्येकी १,०००, म्हणजे २,०००. खात्रीची जमा ८७,०००. त्यातून खर्चाचे ६४,००० वजा केले की उरले २३,०००. तुमचं बक्षीस तेवढंच.

मंडळात त्या दिवशी बोललं जात असतं पहिलं पंचवीस आणि दुसरं पंधरा, म्हणजे चाळीस हजार. फरक १७ हजारांचा. लोक म्हणतात, राहिलेल्या देणग्या येतील की. त्या सगळ्या, अगदी शेवटच्या रुपयापर्यंत आल्या तरी १५ हजार येतात, म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी दोन हजार कमीच पडतात. आणि सगळ्या देणग्या येतात असं कधी होत नाही.

२३ हजारांची वाटणी दोन तऱ्हांनी होते. सरळ तऱ्हा पहिलं १५,०००, दुसरं ८,०००. दुसरी तऱ्हा पहिलं १३,०००, दुसरं ६,००० आणि उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांना प्रत्येकी २,०००. बॅनरवर पहिली जास्त चांगली दिसते. पण लांबून आलेल्या संघाचं टेम्पोभाडं निघालं तर तो पुढच्या वर्षी पुन्हा येतो, म्हणून मला दुसरी बरी वाटते. पहिलं बक्षीस फीच्या पाच पटीच्या वर राहतं, त्यामुळे नोंदणीवर परिणाम होत नाही.

राहिलेल्या देणग्या नंतर आल्या तर मंचावरून वाढीव बक्षीस जाहीर करा. वाढवलेल्या बक्षिसावर कुणी भांडत नाही. कमी केलेल्या बक्षिसाचं व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर तालुकाभर फिरतं.

बक्षिसाची रोकड शनिवारी सकाळी वेगळ्या पाकिटात मोजून ठेवा आणि रविवारी संध्याकाळी, मैदानावरच, कर्णधाराची सही घेऊन द्या. "सोमवारी बँकेतून काढून देतो" हे वाक्य चालत नाही.

देणगीदार शब्द देतात, पण पैसे द्यायला टाळाटाळ करतात. काय करावं?

बॅनरवर नाव जाण्याची तारीख जाहीर करा आणि त्या तारखेपर्यंत ज्यांची पावती फाटली त्यांचीच नावं छापा. हे एकदा कडकपणे केलं की पुढच्या वर्षी लोक आपणहून आधी देतात. चाकरमान्यांकडून यूपीआयने पैसे येतात तेव्हा ते मंडळाच्या एकाच खात्यावर घ्या. चार कार्यकर्त्यांच्या खासगी नंबरवर पैसे आले की महिन्याभराने जुळवाजुळव होत नाही.

शक्य असेल तर मोठ्या देणगीदाराला एखादी पूर्ण बाब द्या. "मालिकावीराची ट्रॉफी तुमच्याकडून" किंवा "दोन्ही दिवसांचं पाणी तुमच्याकडून". वस्तू थेट येते, तुमच्या हिशोबातून तो खर्च जातो आणि त्यालाही आपलं काय ते दिसतं.

राजकीय मंडळींचं सौजन्य घेणार असाल तर निवडणुकीची तारीख बघा. आचारसंहिता लागली की त्यांच्या नावाचे बॅनर उतरवावे लागतात आणि कबूल केलेलं बक्षीसही हवेत राहतं.

१६ ऐवजी १२ च संघ आले तर?

यातच बजेटचा कस लागतो. चार संघ कमी म्हणजे जमा १०,००० ने घटली. खर्च मात्र सामने ११ झाल्याने ८ बॉल आणि ४ सामनावीर ट्रॉफ्या एवढाच कमी होतो, १,२०० रुपये. मंडप, साऊंड, पंच तेवढेच, कारण दिवस दोनच राहतात. म्हणजे बक्षिसातून ८,८०० कमी झाले पाहिजेत, २३ हजारांचे १४,२०० उरतात.

म्हणून बॅनर आणि नियमपत्रकात स्पष्ट लिहा: "१६ संघांची नोंदणी पूर्ण झाल्यास वरील बक्षिसे. अन्यथा बक्षिसाच्या रकमेत बदल करण्याचा अधिकार मंडळाचा." बदल करायचा तो लॉट्स पाडण्याच्या आधी, सर्व कर्णधारांना कळवून. लॉट्स पाडल्यावर आकडा बदलायचा नाही.

एक युक्ती करून बघा. नोंदणीच्या दिवशी आठवून आठवून फोन करू नका, आगाऊ पैसे आलेल्या संघांचीच यादी रोज रात्री ग्रुपवर टाका. "उरल्या फक्त चार जागा" हे वाचून नोंदणी जेवढी होते तेवढी कशानेच होत नाही.

नोंदणी करून संघ आलाच नाही, तर फी परत करायची का?

नाही. समोरच्या संघाला पुढे चाल मिळते आणि फी जप्त होते, हे नियमपत्रकात असलं पाहिजे. त्याच पत्रकात हरकतीची फीही लिहा. खेळाडू गावाबाहेरचा आहे अशी हरकत आली तर ५०० रुपये भरून घ्यायची, आधारकार्ड तपासायचं, हरकत खरी ठरली तर पैसे परत. फुकट हरकती असल्या की प्रत्येक हरलेला संघ एक हरकत घेऊन टेबलापाशी येतो.

अवकाळी पाऊस आला तर?

स्पर्धा सुरूच झाली नाही तर तारीख पुढे न्या. संघाला नवी तारीख जमत नसेल तर फी परत करा. पहिला दिवस खेळून दुसऱ्या दिवशी पाऊस आला, तर खर्च जवळपास सगळा झालेला असतो, फी परत करणं शक्य नाही. अशा वेळी पुढच्या रविवारी उरलेले सामने घ्या. तेही जमलं नाही, तर उरलेल्या आठ संघांत बक्षिसाची रक्कम सारखी वाटा. २३ हजारांचे प्रत्येकी २,८७५ होतात, म्हणजे निदान फी परत मिळते. हे आधी लिहिलेलं असेल तर भिजत भांडायची वेळ येत नाही.

परवानग्यांसाठी किती धरावं?

पैसे फारसे लागत नाहीत, वेळ लागतो. ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र, पोलीस ठाण्यात अर्ज, आणि ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हे लक्षात ठेवूनच बक्षीस समारंभ ठेवा. १०८ रुग्णवाहिकेचा नंबर टेबलावर मोठ्या अक्षरात चिकटवा आणि ती मैदानापर्यंत येईल असा रस्ता पार्किंगपासून मोकळा राखा.

यूट्यूबवर लाईव्ह दाखवायचं म्हणतात. घ्यावं का?

त्याचा वेगळा देणगीदार मिळाला तरच. शिवाय कॅमेरेवाल्याला आधी मैदानावर नेऊन रेंज तपासायला लावा. डोंगराआड चित्र अडकत राहतं आणि मुंबईत बसलेली माणसं फोन करून शिव्या घालतात.

हिशोब कसा द्यायचा, आणि पैसे उरले तर?

जमेला पावती पुस्तकातले क्रमांक, खर्चाला प्रत्येक बिल. बिल न देणाऱ्याकडून, म्हणजे गड्याकडून किंवा रोलरवाल्याकडून, साध्या कागदावर रक्कम आणि सही घ्या. जमेवर एकाने आणि खर्चावर दुसऱ्याने सही करावी. आठ दिवसांत सगळा ताळेबंद मंडळाच्या ग्रुपवर टाका आणि देवळाच्या फळ्यावर लावा. उशीर केला की आकडे बरोबर असूनही लोक कुजबुजतात.

उरलेल्या पैशातून जेवणावळ घालायचा ठराव दरवर्षी येतो. त्याऐवजी पुढच्या मोसमाला लागणारी टिकाऊ वस्तू घ्या: स्टंपचे दोन संच, सीमारेषेची दोरी, एक छोटा रोलर. आम्ही दोरी घेतली तेव्हापासून फक्कीची पोती निम्म्याने कमी लागतात. उरलेली रोकड मंडळाच्या खात्यात भरा आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या मीटिंगला त्याच आकड्यापासून वही उघडा, म्हणजे खेळपट्टीची माती टाकायला कुणाच्या खिशात हात घालावा लागत नाही.